शेवटच्या पाळीची तारीख

चाळिशी ओलांडलेली बाई बाह्यरुग्ण विभागात येते आणि म्हणते, "डॉक्टर, पाळी गेली. आता तांबी काढून टाका." यावर आम्ही लगेच तपासणीच्या टेबलाकडे बोट दाखवत नाही. आधी विचारतो, "ताई, शेवटची पाळी कधी आली होती? तारीख सांगा." बहुतेक जणींना तारीख सांगता येत नाही. "झाले असतील सहा-आठ महिने" किंवा "गणपतीच्या आधी आली होती" असं उत्तर मिळतं. गर्भनिरोधन कधी थांबवायचं हा सगळा निर्णय मात्र या एका तारखेवर उभा असतो, आणि ही तारीख दिसणार की झाकली जाणार हे त्या बाईने चाळिशीत कोणतं साधन निवडलं यावर ठरतं.

हे नीट कळावं म्हणून एकाच घरातल्या दोन जावांचा हिशेब शेवटपर्यंत मांडतो. हे तपशील कुणा एकीचे नाहीत. अनेक जणींच्या केसपेपरांवर पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी दोघींमध्ये वाटून घेतल्या आहेत. थोरलीचा जन्म जून १९७०चा, धाकटीचा नोव्हेंबर १९७२चा. दोघींना दोन-दोन मुलं, दोघींची नसबंदी झालेली नाही, आणि दोघींच्याही नवऱ्यांनी बिनटाक्याची नसबंदी करून घ्यायला नकार दिलेला. महाराष्ट्रात असंख्य बायकांचं ऑपरेशन पंचविशी-तिशीतच होऊन जातं, त्यामुळे त्यांच्यापुढे हा प्रश्न येत नाही. तो येतो तांबी, गोळ्या, इंजेक्शन किंवा निरोध वापरणाऱ्यांपुढे.

थोरली २०१३च्या ऑगस्टमध्ये आली तेव्हा ४३ वर्षांची होती. तांबी कधी बसवली ते आठवेना, कार्ड हरवलेलं. अशा वेळी आम्ही मुलांच्या वयावरून मागे मोजत जातो. "धाकटा बालवाडीत होता, संक्रांत नुकतीच झाली होती," एवढं तिला आठवलं. त्यावरून फेब्रुवारी २००३ हा महिना निघाला, म्हणजे तेव्हा ती ३२ वर्षांची. सरकारी दवाखान्यात मोफत मिळणाऱ्या कॉपर टी ३८०-एची मुदत १० वर्षांची असते. ती फेब्रुवारी २०१३मध्ये संपली होती आणि पुढचे सहा महिने ती संपलेल्या तांबीवर विसंबून होती. दुसरी सरकारी तांबी ३७५ची असते, तिची मुदत ५च वर्षं. कोणती बसवली हे माहीत नसेल आणि तारीखही लागत नसेल, तर मुदत संपलीच असं धरून चालायचं.

धाकटीने तांबी बसवली ती मे २०१३मध्ये, वयाच्या साडेचाळिसाव्या वर्षी. आकड्यांत हा फरक लहान दिसतो, पण नियम इथे बदलतो. ब्रिटनमधल्या लैंगिक आणि प्रजनन आरोग्याच्या तज्ज्ञ मंडळाची मार्गदर्शक तत्त्वं आम्ही या बाबतीत पाळतो. ३०० चौरस मिलिमीटर किंवा त्याहून जास्त तांबं असलेली तांबी ४० वर्षं पूर्ण झाल्यावर बसवली असेल, तर पाकिटावर काहीही मुदत असली तरी ती गर्भनिरोधनाची गरज संपेपर्यंत ठेवता येते, असं ती सांगतात. ३८०-ए या मोजमापात सहज बसते. मुदतीनंतरही तांब्याचा परिणाम बराच उरतो आणि या वयात मुळात दिवस राहण्याची शक्यताही घटलेली असते, म्हणून ही सूट आहे. ३२व्या वर्षी बसवलेल्या तांबीला ती लागू होत नाही. थोरलीची तांबी बदलावीच लागणार होती. धाकटीला पुन्हा कधीही नवी तांबी लागणार नव्हती.

थोरलीला आम्ही त्याच दिवशी बदलून दिली नाही. आधी सकाळच्या पहिल्या लघवीची गर्भचाचणी केली. मग ७ दिवस निरोध वापरून यायला सांगितलं. जुनी तांबी निघाली आणि काही कारणाने नवी आत जाऊ शकली नाही, तर आधीच्या दिवसांतल्या संबंधातले शुक्राणू गर्भाशयाच्या नळीत अजून जिवंत असू शकतात, आणि आता त्यांना अडवायला काही उरलेलं नसतं. हे ७ दिवस त्यासाठी. जुनी काढणं मिनिटाभराचं काम होतं. नवी बसवण्याआधी गर्भाशयाची खोली सळईने मोजली, ती साडेसात सेंटिमीटर भरली. धागे कापून ठेवले. पुढची पाळी येऊन गेल्यावर परत बोलावलं, कारण तांबी निसटून पडण्याचा धोका पहिल्या काही आठवड्यांत सगळ्यात जास्त असतो. नवी तांबी ४३व्या वर्षी बसल्यामुळे आता थोरलीलाही धाकटीची सूट मिळाली.

या वयात इतकी काळजी कशासाठी, असं घरातली मंडळी विचारतात. चाळिशीत बीजं कमी होतात हे खरं, पण संपलेली नसतात. पाळी कधी २२ दिवसांनी येते, कधी ५० दिवसांनी. काही पाळ्यांच्या आधी बीज सुटतच नाही, आणि मध्येच एखाद्या महिन्यात अगदी व्यवस्थित सुटतं. कोणत्या महिन्यात सुटणार हे कॅलेंडरवरून सांगता येत नाही, म्हणून 'सुरक्षित दिवस' मोजण्याची पद्धत या वयात सर्वात आधी फसते. त्यातून दिवस राहिलेच तर चाळिशीच्या मध्यावर गर्भ आपोआप पडण्याचं प्रमाण निम्म्याहून अधिक असतं, आणि डाऊन सिंड्रोमची शक्यता ४०व्या वर्षी साधारण १००त १ असते, ती ४५व्या वर्षी ३०त १च्या आसपास जाते.

सगळ्यात वाईट चूक होते ती वेळेची. पंचविशीतल्या मुलीची पाळी आठ दिवस लांबली की ती चाचणी करते. ४५ वर्षांची बाई म्हणते, "जायला लागली असेल." मळमळ झाली की पित्त, पोट सुटलं की वय. चौथा-पाचवा महिना लागल्यावर कळतं. गर्भपाताच्या कायद्यातल्या २०२१च्या सुधारणेनुसार २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, त्यापुढे २४ आठवड्यांपर्यंत ठरावीक परिस्थितीतच आणि दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात होतो. गोळ्यांनी गर्भपात ९ आठवड्यांपर्यंतच करता येतो. म्हणून आमचं प्रत्येकीला सांगणं असतं की, जिला पाळी अजून येते तिची पाळी सहा आठवड्यांवर गेली की आधी चाचणी करायची, तर्क नंतर. आशाताईंकडे मिळणारं 'निश्चय' किट त्यासाठी पुरेसं आहे.

आता धाकटीचा हिशेब. तांबीत हार्मोन नसतो. ती बीजकोशांच्या कामात ढवळाढवळ करत नाही, त्यामुळे पाळी शरीराच्या मनाप्रमाणे येते आणि जाते, आणि आपल्याला ते उघड्या डोळ्यांनी पाहता येतं. निरोधाचं तसंच, नवऱ्याच्या नसबंदीचंही तसंच. या साधनांसाठी नियम सोपा आहे: शेवटची पाळी ५० वर्षं पूर्ण होण्याआधी आली असेल तर त्या तारखेपासून २ वर्षं थांबायचं, ५० पूर्ण झाल्यावर आली असेल तर १ वर्ष. वय मोजायचं ते शेवटच्या पाळीच्या दिवशीचं, आजचं नव्हे. शेवटची पाळी ४९ वर्षं ८ महिन्यांना आली असेल, तर बाई आज ५१ची असली तरी तिला दोन वर्षांचाच नियम लागू होतो.

पन्नाशीच्या अलीकडे दुप्पट का थांबायचं, हे धाकटीच्याच बाबतीत दिसलं. १० एप्रिल २०१९ला तिला पाळी आली, तेव्हा ती ४६ वर्षं ५ महिन्यांची होती. मग काहीच नाही. घाम फुटू लागला, रात्री गरम वाफा येऊ लागल्या, झोप मोडू लागली. आठ महिन्यांनी ती आली आणि म्हणाली, "आता काढा." आम्ही थांबवलं. १८ फेब्रुवारी २०२०ला, दहा महिन्यांच्या खंडानंतर, तिला पुन्हा चार दिवस नेहमीसारखी पाळी आली. गरम वाफा तीन महिने थांबल्या. म्हणजे बीजकोश पुन्हा जागे झाले होते. तिने डिसेंबरमध्ये तांबी काढून घेतली असती, तर जानेवारी-फेब्रुवारीत ती उघडी राहिली असती. पन्नाशीनंतर असं जागं होणं फार कमी दिसतं, पन्नाशीच्या आत ते होत राहतं.

पुन्हा आलेल्या पाळीने मोजणी शून्यावर आली. आता १८ फेब्रुवारी २०२०पासून दोन वर्षं, म्हणजे १८ फेब्रुवारी २०२२. धाकटीने ही तारीख देवघराजवळच्या कालनिर्णयच्या मागच्या पानावर लिहून ठेवली आणि दर दिवाळीला नव्या कालनिर्णयवर उतरवली. याहून चांगली नोंदवही आम्ही कुणाला सुचवू शकत नाही.

भारतातल्या बायकांची पाळी सरासरी ४६-४७व्या वर्षी जाते, पाश्चात्त्य देशांतल्या बायकांची ५१च्या आसपास. त्यामुळे तिकडच्या माहितीपत्रकांतला 'एक वर्ष थांबा' हा नियम तिथल्या बहुतेकींना लागू असला, तरी आपल्याकडे बहुतेकींना दोन वर्षांचा लागतो. एक वर्षाचा नियम ऐकून तांबी काढून घेणारी ४७ वर्षांची बाई चुकीचा हिशेब करत असते, आणि कधी कधी तो हिशेब तिला डॉक्टरनेच दिलेला असतो. पाळी ४०च्या आधीच थांबली तर तो वेगळा विषय आहे. त्यात आधी कारण शोधावं लागतं.

मधल्या काळात धाकटी एक रिपोर्ट घेऊन आली होती. शहरातल्या एका प्रयोगशाळेच्या 'महिला आरोग्य पॅकेज'मध्ये एफएसएच तपासलं होतं आणि आकडा ३८ होता. ३०च्या वर म्हणजे पाळी संपली, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. एफएसएच हा मेंदूतल्या पीयूषिका ग्रंथीचा हार्मोन. बीजकोश सुस्तावले की तो वाढतो, ते परत काम करू लागले की खाली येतो. पाळी जाण्याच्या उंबरठ्यावर हा आकडा एका महिन्यात ४० आणि पुढच्या महिन्यात १० असू शकतो. धाकटीसारखी हार्मोन न घेणारी बाई पाळीच्या तारखा मोजू शकते, आणि त्या तारखा एका दिवसाच्या रक्ततपासणीपेक्षा जास्त सांगतात. तिच्यासाठी ही तपासणी निरर्थक होती. थोरलीला मात्र तिचाच आधार घ्यावा लागला. त्याचं कारण २०१६मध्ये आहे.

नवी तांबी बसवल्यावर तिसऱ्या वर्षी थोरलीची पाळी अंगावरून जास्त जाऊ लागली. आठ-नऊ दिवस, पहिले तीन दिवस दर दोन तासांनी पॅड, गाठी पडणं. तांबीने पाळी वाढतेच, आणि चाळिशीत बीज न सुटणाऱ्या पाळ्यांनी ती आणखी वाढते. हिमोग्लोबिन ८.६ झालं होतं. सासरच्या वडीलधाऱ्यांनी गर्भपिशवी काढून टाकण्याचा सल्ला दिला. महाराष्ट्रात हा सल्ला फार सहज दिला जातो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजूर बायकांच्या पिशव्या कशा काढल्या गेल्या हे २०१९मध्ये सगळ्यांनी वाचलं. पाळी थांबावी किंवा दिवस राहू नयेत म्हणून पिशवी काढणं हा उपचार नाही, आणि त्याला आमचा ठाम विरोध असतो.

थोरली ४६ वर्षांची होती. ४५नंतर अंगावरून जास्त जात असेल, तर ते तांबीमुळे आहे असं गृहीत धरता येत नाही. आधी गर्भाशयाच्या आतल्या अस्तरात काही बिघाड नाही ना, हे बघावं लागतं. सोनोग्राफीत दोन सेंटिमीटरची एक गाठ पिशवीच्या बाहेरच्या बाजूला दिसली. ती रक्तस्रावाचं कारण नव्हती. थायरॉइड ठीक होतं. बारीक नळीने अस्तराचा तुकडा घेऊन तपासला, त्यात काही वावगं निघालं नाही. मग नोव्हेंबर २०१६मध्ये तांबी काढली आणि त्याच बैठकीत हार्मोनची टी बसवली. बोलताना तिलाही तांबीच म्हणतात, पण तिच्यात तांबं नसतं. तिच्या दांड्यात ५२ मिलिग्रॅम लेव्होनॉर्जेस्ट्रेल असतं आणि ते रोज अगदी थोडं थोडं अस्तरावर सुटत राहतं. अस्तर पातळ होतं, पाळी घटते. मिरेना हे तिचं सर्वात परिचित दुकानी नाव. ही सरकारी दवाखान्यात साधारणपणे मोफत मिळत नाही, आणि खाजगीत तिला काही हजार रुपये पडतात.

बसवताना आम्ही तिला स्पष्ट सांगितलं होतं की पहिले तीन ते सहा महिने थेंब थेंब, तपकिरी डाग असं जात राहील. हे आधी सांगितलं नाही तर बायका दुसऱ्याच महिन्यात काढून घ्यायला येतात आणि पैसे वाया जातात. थोरलीला पाच महिने डाग पडत होते. लोहाच्या गोळ्यांसह सहा महिन्यांत हिमोग्लोबिन ११.८ झालं. २०१७च्या अखेरीस पाळी पूर्ण थांबली.

इथे हिशेब फिरतो. थोरलीची पाळी ४७व्या वर्षी थांबली, पण ती बीजकोशांनी थांबवली नव्हती. अस्तर वाढतच नव्हतं म्हणून रक्त येत नव्हतं, बीजं कदाचित दर महिन्याला सुटत होती. दोन वर्षं मोजून २०१९च्या अखेरीस टी काढली असती तर ती पूर्ण उघडी पडली असती. हार्मोनच्या कोणत्याही साधनावर पाळी न येणं हा पुरावा ठरत नाही. प्रोजेस्टेरॉनवर्गाच्या एकाच हार्मोनच्या गोळ्या, दंडात बसवायचं इम्प्लांट, 'अंतरा' इंजेक्शन या सगळ्यांना हेच लागू आहे. आठवड्याला घ्यायची 'छाया' गोळी हार्मोनची नाही, पण तिनेही पाळी लांबते आणि कमी होते, म्हणून तिच्यावर असतानाही पाळीच्या तारखांवर विसंबता येत नाही.

थोरलीसमोर दोन वाटा होत्या. पहिली म्हणजे वयाची ५५ वर्षं होईपर्यंत टी ठेवून द्यायची. ५५ पूर्ण झाल्यावर, अगदी पाळी येत असली तरी, आपसूक दिवस राहणं इतकं दुर्मीळ असतं की कुणालाच गर्भनिरोधनाची गरज उरत नाही. ५२ मिलिग्रॅमची टी ४५ पूर्ण झाल्यावर बसवलेली असेल, तर गर्भनिरोधनासाठी ती ५५पर्यंत ठेवता येते, पाकिटावरची मुदत त्याआधी संपली तरी. थोरलीची ४६व्या वर्षी बसवलेली, म्हणजे ती या नियमात बसत होती. दुसरी वाट म्हणजे ५० पूर्ण झाल्यावर एफएसएच तपासायचं. ही टी एफएसएचवर परिणाम करत नाही, म्हणून इथे तो आकडा विश्वासाचा. ३०पेक्षा जास्त आला तर आणखी १ वर्ष साधन चालू ठेवून मग थांबवायचं. कमी आला तर साधन चालू ठेवून वर्षाने पुन्हा तपासायचं.

तिने दुसरी वाट धरली. जुलै २०२०मध्ये, ५० वर्षं १ महिन्याला, एफएसएच १४ आलं. बीजकोश अजून काम करत होते, आणि त्याआधीची जवळजवळ अडीच वर्षं तिला पाळी नव्हती. हार्मोनवर असताना पाळी नसण्याचा काय अर्थ असतो, ते या एका आकड्यावरून कळतं. जुलै २०२१मध्ये आकडा ४६ आला. त्यापुढे एक वर्ष, म्हणजे जुलै २०२२. वयाने मोठी असून थोरली धाकटीच्या पाच महिने नंतर मोकळी झाली.

याच काळात थोरलीला गरम वाफांचा त्रास झाला आणि इस्ट्रोजनची उपचारपद्धती सुचवली गेली. तिथे दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. पाळी जाण्याच्या त्रासासाठी दिलं जाणारं हार्मोन गर्भनिरोधक नसतं, त्याचा डोस त्यासाठी पुरत नाही. ते घेत असताना बीज सुटू शकतं. आणि अस्तराच्या रक्षणासाठी टी वापरायची असेल, तर ५५पर्यंतची सूट मिळत नाही, ती दर ५ वर्षांनी बदलावी लागते. शिवाय इस्ट्रोजन सुरू केल्यावर एफएसएचचा आकडा भरवशाचा राहत नाही. थोरलीने सुती कपडे आणि रात्रीचा पंखा यांवर निभावलं, म्हणून तिचा आकडा स्वच्छ मिळाला.

संयुक्त गोळ्या, म्हणजे माला-एन आणि माला-डीसारख्या दोन हार्मोनच्या गोळ्या घेणाऱ्यांची अडचण उलटी असते. त्यात २१ गोळ्या हार्मोनच्या आणि ७ लोहाच्या. त्या ७ दिवसांत जी पाळी येते ती बीजकोशांची नसते, हार्मोन थांबल्याने अस्तर सुटतं म्हणून येते. ५२ वर्षांची बाईही या गोळ्यांवर घड्याळासारखी पाळी दाखवेल आणि तिला वाटेल आपलं अजून चालूच आहे. यांच्यावर एफएसएच तपासणंही उपयोगाचं नाही. म्हणून संयुक्त गोळ्या ५० पूर्ण होताच थांबवायच्या आणि निरोध किंवा तांबीसारख्या साधनावर यायचं. मग पाळी आपली आपण काय करते ते बघायचं आणि शेवटच्या पाळीपासून एक वर्ष मोजायचं. पन्नाशीच्या आतही या गोळ्या प्रत्येकीला चालत नाहीत. ३५नंतर सिगारेट किंवा विडी ओढणारी, १४०/९०च्या वर रक्तदाब असणारी, डोळ्यांपुढे चमकत्या रेषा येऊन अर्धशिशी होणारी, पूर्वी पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झालेली, यांच्यासाठी इस्ट्रोजन धोक्याचं आहे. त्याने गुठळी होण्याची, आणि रक्तदाब किंवा अर्धशिशी असलेल्यांत पक्षाघाताची शक्यता वाढते. औषधाच्या दुकानातून वर्षानुवर्षं हीच गोळी आणणाऱ्या बाईचा रक्तदाब कुणी मोजलेलाच नसतो, म्हणून चाळिशी ओलांडलेली कुणीही गोळी घेत असेल तर आम्ही सर्वात आधी रक्तदाबाचा पट्टा बांधतो.

'अंतरा' दर तीन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन. तेही ५०ला थांबवायचं, कारण त्यावर असताना इस्ट्रोजन कमी राहून हाडांची घनता घटते, आणि पाळी जातानाही ती घटतच असते. बंद केल्यावर त्याचा परिणाम काही महिने अंगात राहतो, त्यामुळे त्या महिन्यांत पाळी आली नाही म्हणून मोजणी सुरू करता येत नाही. तोवर निरोध.

निरोधाबद्दल एक गोष्ट, जी दुकानात कुणी सांगत नाही. पाळी जायच्या सुमारास योनी कोरडी पडते आणि घरात हाताशी असतं ते खोबरेल तेल. रबराच्या निरोधाला तेल लागलं की काही मिनिटांत तो कमकुवत होतो आणि फाटतो. व्हॅसलिनचंही तसंच. पाण्यात विरघळणारी जेल वापरायची. निरोध फाटलाच तर ७२ तासांच्या आत तातडीची गोळी किंवा ५ दिवसांच्या आत तांबी. चाळिशीतही दोन्ही चालतात.

धाकटी मार्च २०२२मध्ये आली, ठरलेल्या तारखेनंतर तीन आठवड्यांनी. दोन वर्षं पूर्ण झाली होती. गरज संपली की तांबी आतच राहू द्यावी असं पुष्कळांना वाटतं, "त्रास नाही, मग कशाला काढायची?" पाळी गेल्यावर गर्भाशय आकसतं, मुख अरुंद होतं, आणि जितकी वर्षं जातील तितकं काढणं अवघड होतं. विसरून गेलेल्या तांबीभोवती चिवट संसर्गही होऊ शकतो. साठीनंतर पांढरं जातंय म्हणून आलेल्या बायकांच्या एक्स-रेत वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची तांबी निघते. म्हणून गरज संपल्यावर लवकरच काढायची, फार लांबवायची नाही.

तपासणीत धाकटीचे धागे दिसले नाहीत. आकसलेल्या मुखातून ते आत ओढले गेले होते. अशा वेळी आधी सोनोग्राफी करतो. त्यात तांबी दिसली नाही तर ती पडून गेली असं समजायचं नसतं. पोटाचा एक्स-रे काढून ती गर्भाशयाबाहेर तर गेलेली नाही ना, याची खात्री करावी लागते. धाकटीच्या सोनोग्राफीत तांबी जागच्या जागी होती. तिला दोन-तीन आठवडे योनीत लावायची इस्ट्रोजनची मलम दिली, ऊती मऊ झाल्या. काढायच्या दिवशी तीन तास आधी मुख सैल करणारी गोळी दिली. बारीक चिमटा मुखातून थोडा आत नेल्यावर धागे सापडले आणि हळू, एकसारख्या ओढीने तांबी बाहेर आली. तिचे दोन्ही हात आणि दांडा शाबूत आहेत का, हे आम्ही तिलाही दाखवलं, कारण जुन्या तांबीचा हात क्वचित तुटून आत राहतो.

निघताना केसपेपरवर शेवटची सूचना लिहिली आणि वाचून दाखवली: यापुढे एक थेंब जरी रक्त गेलं, तरी त्याला पाळी परत आली असं म्हणायचं नाही. त्याच आठवड्यात यायचं, सोनोग्राफी करून अस्तराची जाडी मोजायची, आणि ती ४ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर तुकडा तपासायचा. धाकटीने केसपेपरची घडी घातली आणि विचारलं, "आणि जाऊबाईंचं?" थोरली शेजारीच बसली होती. तिच्या केसपेपरवर अजून एक तारीख शिल्लक होती: जुलै २०२२.